खर्चमंजुरी पत्र (विद्यार्थी प्रकल्प)

अभियांत्रिकी प्रकल्पासाठी लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च मंजूर व्हावा म्हणून विद्यार्थी मार्गदर्शकामार्फत विभागप्रमुखांना देतात तो अर्ज. विषय, मागणीचे कारण, बाबनिहाय खर्च, अपेक्षित अध्ययन निष्पत्ती आणि सह्या हा त्याचा क्रम. खरे वजन असते ते प्रत्येक बाब एखाद्या निष्पत्तीशी जोडण्याला.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तेथील जलाशयाच्या पातळीमापनाचे प्रारूप टाकीवर करायचे, असे उदाहरण घेऊ. अंदाजे दराने खर्च असा: नियंत्रक बोर्ड ५०० रुपये, जलरोधक अल्ट्रासोनिक सेन्सर २ नग ७००, तापमान सेन्सर १००, बॅटरी व चार्जर ४००, पेटी व वायरी ३००. बेरीज २,०००, १८ टक्के जीएसटी धरून २,३६० रुपये. दरपत्रकात कर धरला आहे की नाही हे न पाहिल्यास मंजूर रक्कम अपुरी पडते.

शंभर रुपयांचा तापमान सेन्सर वरकरणी अनावश्यक वाटतो आणि कात्री बहुधा त्यालाच लागते. मात्र हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना ३५५ मीटर असतो. परभणीच्या उन्हाळ्यात दुरुस्ती न केल्यास दोन मीटर अंतर सुमारे सात सेंटिमीटर कमी दिसते, म्हणजे पाणी तेवढे वर भासते. म्हणून ‘सेन्सरची माहिती मिळेल’ याऐवजी ‘तापमानानुसार दुरुस्ती करून मोजपट्टीशी पडताळणी करता येईल’ अशी निष्पत्ती लिहावी. ती तपासता येते. दुसरा सेन्सर तुलनेसाठी की राखीव, हेही पत्रात नोंदवावे.