आयगेनफेस

आयगेनफेस : चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या संचातून गणिताने काढलेल्या, चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण कोणाही व्यक्तीच्या नसलेल्या प्रतिमा. संचातील प्रत्येक छायाचित्र सरासरी चेहरा आणि या थोड्या प्रतिमांची कमीअधिक प्रमाणातील बेरीज म्हणून अंदाजे मांडता येते. त्यामुळे छायाचित्र साठवण्यासाठी आणि व्यक्ती ओळखण्यासाठी हजारो पिक्सेलांऐवजी काही डझन सहगुणक पुरतात. ब्राउन विद्यापीठातील लॉरेन्स सिरोविच व मायकेल कर्बी यांनी १९८७ मध्ये चेहऱ्यांच्या संक्षिप्त वर्णनासाठी ही कल्पना मांडली, तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील मॅथ्यू टर्क व ॲलेक्स पेंटलँड यांनी १९९१ मध्ये तिच्यावर ओळख पटवण्याची पद्धत उभारली व आज रूढ असलेले नाव तिला दिले.

केंब्रिजमधील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९९२ ते १९९४ या काळात तयार झालेला संच उदाहरणासाठी सोयीचा आहे. त्यात ४० व्यक्तींची प्रत्येकी १० अशी ४०० छायाचित्रे असून प्रत्येक छायाचित्र ९२ × ११२, म्हणजे १०,३०४ पिक्सेलांचे आहे. प्रत्येक पिक्सेलची उजळता एका आकड्याने दाखवून ते सर्व आकडे एका स्तंभात लिहिले, की छायाचित्र हा १०,३०४ मितींच्या अवकाशातील एक बिंदू ठरतो. या अफाट अवकाशातील बहुतेक बिंदू नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळाचे असतात. दोन डोळे, नाक व तोंड ठरावीक जागी असलेल्या चित्रांचे बिंदू मात्र त्याच्या एका लहान भागात गोळा झालेले असतात. आयगेनफेस म्हणजे हा बिंदूंचा पुंजका ज्या दिशांना सर्वांत जास्त पसरला आहे त्या दिशा होत.

त्या शोधण्यासाठी प्रथम सर्व छायाचित्रांची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा करतात. उरलेले स्तंभ शेजारीशेजारी ठेवून A हा आव्यूह, म्हणजे आकड्यांची आयताकृती मांडणी, तयार होते. पिक्सेलांची उजळता एकमेकींबरोबर कशी बदलते हे सांगणारा सहप्रचरण आव्यूह AAᵀ या गुणाकारातून मिळतो. आव्यूहाने गुणल्यावर ज्याची दिशा बदलत नाही, केवळ लांबी λ पट होते, तो त्याचा आयगेन सदिश आणि λ हे त्याचे आयगेन मूल्य. येथे मूल्य जितके मोठे तितका त्या दिशेतील पसारा अधिक. अडचण आकाराची आहे, कारण AAᵀ मध्ये १०,३०४ ओळी व तितकेच स्तंभ, म्हणजे दहा कोटींहून अधिक आकडे येतात.

ही अडचण एका साध्या निरीक्षणाने सुटते. AᵀA हा आव्यूह केवळ ४०० × ४०० आकाराचा असतो, आणि त्याचा आयगेन सदिश v असेल तर AᵀAv = λv या समीकरणाला डावीकडून A ने गुणल्यावर AAᵀ(Av) = λ(Av) मिळते; म्हणजे मोठ्या आव्यूहाचा हवा असलेला सदिश Av हा लहान आव्यूहातूनच हाती येतो. वजाबाकीमुळे अशा शून्येतर मूल्यांच्या दिशा जास्तीत जास्त ३९९ असू शकतात, त्यामुळे उरलेल्या हजारो दिशा शोधण्याचे कारणच राहत नाही. हीच युक्ती सिरोविच यांनी द्रवांच्या संक्षुब्ध प्रवाहांच्या अभ्यासातही वापरली होती. मिळालेले सदिश परस्परलंब असतात. त्यांची लांबी एक करून, ऋण आकडे असल्यामुळे त्यांची पट्टी करड्या छटांत बसवून ते चित्ररूपात पाहिले, की धूसर, भुतासारखे चेहरे दिसतात.

चेहऱ्याचे संक्षेपण म्हणजे सरासरी वजा केलेल्या छायाचित्राचा प्रत्येक निवडलेल्या आयगेनफेसवरील प्रक्षेप, अर्थात दोघांचा पिक्सेलवार गुणाकार करून येणारी बेरीज, नोंदवणे होय. सिरोविच व कर्बी यांना ११५ चेहऱ्यांच्या संचासाठी अशा ४० प्रतिमा चांगल्या वर्णनाला पुरेशा वाटल्या. ऑलिव्हेटी संचातही ४० प्रतिमा ठेवल्या तर प्रत्येक छायाचित्राचे ४० आकडे उरतात, परंतु त्या ४० प्रतिमा आणि सरासरी चेहराही साठवावा लागतो. हा सर्व हिशेब धरून ४१ लाखांहून अधिक आकड्यांऐवजी सुमारे ४ लाख ३८ हजार, म्हणजे साधारण नवव्या हिश्शात काम भागते. संच वाढत गेला तरच हा सामायिक भार हलका होतो. मोजक्या छायाचित्रांसाठी ही पद्धत तोट्याची ठरते.

ओळख पटवताना प्रत्येक परिचित व्यक्तीच्या सहगुणकांची सरासरी जपून ठेवतात आणि नव्या छायाचित्राचे सहगुणक कोणाच्या सर्वांत जवळ येतात ते अंतर मोजून पाहतात. एवढ्यावर थांबणे मात्र धोक्याचे आहे. खुर्चीच्या चित्राचेही सहगुणक निघतात आणि ते योगायोगाने एखाद्या व्यक्तीच्या जवळ पडू शकतात. म्हणून टर्क व पेंटलँड यांनी दुसरे अंतरही मोजले. सहगुणकांवरून चित्र पुन्हा उभे करायचे व मूळ चित्राशी त्याचा फरक पाहायचा. फरक मोठा असेल तर समोरची वस्तू चेहराच नाही; फरक लहान, पण सर्व परिचितांपासूनचे अंतर मोठे असेल, तर चेहरा अनोळखी. या पद्धतीचे खरे शहाणपण या दुसऱ्या मोजणीत आहे.

पद्धतीची मर्यादाही टर्क व पेंटलँड यांच्याच चाचणीत उघड झाली. १६ व्यक्तींच्या चित्रांवर, प्रत्येक चित्राला कोणते तरी नाव देण्याची सक्ती ठेवून, केवळ प्रकाश बदलला तेव्हा सरासरी ९६ टक्के, डोक्याचा कल बदलला तेव्हा ८५ टक्के, आणि चित्रातील डोक्याचा आकार बदलला तेव्हा ६४ टक्केच उत्तरे बरोबर आली. कारण तुलना पिक्सेलाची पिक्सेलाशी होते: डोळा काही पिक्सेल सरकला की त्याच्या जागी गालाची किंवा भुवईची उजळता येते आणि गणिताला तो मोठा बदल वाटतो. म्हणूनच डोळ्यांची जागा जुळवून चित्रे फिरवणे, लहानमोठी करणे व कापणे ही तयारी आधी करावी लागते. ती नीट झाली नसेल तर सरासरी चेहरा पुसट येतो आणि आयगेनफेसच्या कडांना दुहेरी रेषा दिसतात.

त्या चाचणीत प्रकाश बदलूनही बहुतेक उत्तरे बरोबर आली असली, तरी प्रकाशाबाबतची उणीव याहून खोल आहे. ही पद्धत सर्वांत मोठा पसारा शोधते, पण तो पसारा व्यक्ती वेगळी असल्यामुळे आहे की दिवा बाजूला सरकल्यामुळे, हे तिला ठाऊक नसते. साठवणुकीच्या दृष्टीने दोन्ही बदल सारखेच मोलाचे, ओळखीच्या दृष्टीने मात्र दुसरा केवळ अडथळा असतो. प्रकाश तीव्रपणे बदलणाऱ्या संचात एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे वेगवेगळ्या व्यक्तींच्या छायाचित्रांपेक्षाही परस्परांपासून दूर पडू शकतात. पहिल्या काही आयगेनफेसचा एक अर्धा भाग उजळ व दुसरा काळा दिसला, तर त्यांनी चेहरा नव्हे, दिव्याची दिशा टिपली आहे असे समजावे. अशा वेळी पहिले तीन वगळून चालवण्याची रीत आहे, जरी त्यांच्याबरोबर ओळखीची थोडी खूणही जाते. पीटर बेल्युमर, जोआओ हेस्पान्हा व डेव्हिड क्रीगमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली फिशरफेस पद्धत ही उणीव मुळातून हाताळते, कारण ती एका व्यक्तीच्या चित्रांमधील पसाऱ्याच्या तुलनेत भिन्न व्यक्तींमधील पसारा जास्तीत जास्त असेल अशा दिशा निवडते. त्यासाठी मात्र शिकवणीच्या संचात एकेका व्यक्तीची वेगवेगळ्या प्रकाशातील अनेक छायाचित्रे असावी लागतात, आणि सर्वांचे एकेकच छायाचित्र उपलब्ध असेल तर एका व्यक्तीच्या चित्रांमधील पसारा मोजताच येत नाही.