चार पर्याय आणि एक गाय

'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात शेकडो वेळा वाचलं असेल. शाळेत, स्कॉलरशिपला, बँकेच्या परीक्षेला, अगदी लर्निंग लायसन्स काढतानासुद्धा. पण हे चार पर्याय आले कुठून, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मी इतिहास शिकवते आणि दरवर्षी असे प्रश्न काढते, त्यामुळे मला तो पडला. शोधत गेल्यावर कळलं की या प्रश्नप्रकाराचा स्वतःचाच एक इतिहास आहे, आणि तो काही फार गोड नाही.

सुरुवात झाली ती एका रास्त तक्रारीतून. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला पाठवली. कुणी तिला शंभरपैकी तीसच्या खाली गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर. निबंधाच्या बाबतीत आपण 'मास्तरांची मर्जी' म्हणून सोडून दिलं असतं, पण ही भूमिती होती! गुण मुलाचे की तपासणाऱ्याचे, हा वाद पेटला. त्याच सुमारास कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१४ साली शिक्षकांच्या गुणदानातल्या तफावतीवरच प्रबंध लिहिला आणि पाठोपाठ मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. चार प्राण्यांची नावं दिली आहेत: गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर जो उपयोगी असेल त्याभोवती रेघ काढा. उत्तर एकच. कुणीही तपासा, गुण तेच.

मर्जीचा प्रश्न सुटला. पण या गायीकडे जरा निरखून पाहा. केलींना तपासायचं होतं वाचन. मूल उत्तर देतं ते मात्र वाचन आणि गायीची ओळख या दोन्हींच्या बळावर. कॅन्ससच्या पोराला गाय माहीत असणारच, म्हणून तिथे हे खपून गेलं. प्रश्नाला एक गोष्ट मोजायची असते आणि तो भलतीच मोजतो, ही चूक त्या पहिल्यावहिल्या प्रश्नांतच दबा धरून बसली होती.

ती बाहेर आली १९१७ साली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यात भरती होणाऱ्यांची 'बुद्धी' मोजायचं ठरलं. साक्षरांसाठी 'आर्मी अल्फा' आणि निरक्षरांसाठी 'आर्मी बीटा' अशा दोन चाचण्या झाल्या. सुमारे सतरा लाख लोकांना त्या दिल्या गेल्या. अल्फामधला एक प्रश्न असा: क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? लेखक, चित्रकार, बेसबॉल खेळाडू की विनोदी नट? दुसरा प्रश्न: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? (क्रिस्को म्हणजे तिकडचं डालडा समजा.) आता इटली किंवा पोलंडहून चार वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? तो चुकला. आणि त्याच्या चुकण्याचा अर्थ 'याला बेसबॉल माहीत नाही' असा न लावता 'याला बुद्धी कमी' असा लावला गेला.

कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली याच आकड्यांवर एक पुस्तक लिहून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक बुद्धीने कमी असल्याचा निष्कर्ष काढला. परदेशी लोकांना दारं बंद करावीत म्हणणाऱ्यांच्या हातात त्यामुळे आयतं कोलीत मिळालं. १९२४ साली तसा कायदाही झाला. त्याला इतरही बरीच राजकीय कारणं होती, पण या आकड्यांनी त्या मताला शास्त्राचा अंगरखा चढवला. १९३० साली ब्रिगहॅमनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीरपणे लिहिलं. कायदा मात्र तोवर सहा वर्षांचा झाला होता.

आठवणीचा प्रश्न विचारून त्याला बुद्धीचं नाव देणं किती महाग पडू शकतं, ते हे. आपल्या वर्गात कायदे होत नाहीत, पण 'या मुलीला इतिहास जमत नाही' असा शिक्का बसतोच की! तिच्या घरी गाईड नव्हतं एवढंच कारण असलं तरी.

मग विचार तपासणारा पर्यायी प्रश्न होऊच शकत नाही का? होऊ शकतो. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिच्यात आठवण ही सगळ्यांत खालची पायरी होती. आकलन, उपयोजन, विश्लेषण त्याच्या वर. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, ब्लूम भारतात आले आणि आपल्याकडच्या परीक्षासुधारणेच्या चर्चेत ही भाषा रुजली. बी.एड. केलेल्या मंडळींना 'ज्ञान, आकलन, उपयोजन' हे शब्द पाठ असतील. (पाठ असणं ही यातली गंमतच.) मला त्यातून एक साधी गोष्ट उचलावीशी वाटते. विचार तपासायचा असेल तर लागणारी माहिती प्रश्नातच देऊन टाकायची, आणि त्या माहितीचं काय करायचं ते मुलांवर सोडायचं.

उदाहरण घेऊ. पानिपतावरचा नेहमीचा प्रश्न म्हणजे 'पानिपतची तिसरी लढाई केव्हा झाली?' १४ जानेवारी १७६१. आलं तर आलं, नाही तर नाही. विचार करून तारीख सापडत नाही. त्याऐवजी हा प्रश्न पाहा.

काशीराज पंडित हे शुजाउद्दौलाच्या पदरी होते. पानिपतच्या वेळी ते त्याच्या छावणीत होते आणि भाऊसाहेब व शुजा यांच्यातली बोलणी त्यांच्यामार्फत चालत. लढाईनंतर सुमारे १९ वर्षांनी त्यांनी फारसीत आपली हकीकत लिहिली. खालीलपैकी कोणत्या बाबतीत या हकीकतीवर सर्वांत जास्त भिस्त ठेवता येईल?

अ) आदल्या रात्री भाऊंच्या मसलतीत काय बोलणं झालं
ब) तहाचा निरोप आल्यावर शुजाच्या गोटात काय घडलं
क) मराठ्यांच्या छावणीत शेवटी किती धान्य उरलं होतं
ड) पराभवाची बातमी ऐकून नानासाहेब काय म्हणाले

उत्तर ब. इथे काशीराज कोण हे पाठ असायची गरज नाही, ते सांगितलंच आहे. मुलाने एवढंच स्वतःला विचारायचं आहे की हा माणूस कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय दिसत होतं. चुकीचे पर्यायही उगाच भरताड म्हणून घातलेले नाहीत. 'त्या काळातला माणूस म्हणजे त्याला सगळंच ठाऊक' असं मानणारा मुलगा अ किंवा ड कडे जाईल. 'आकडा म्हणजे पक्की माहिती' असं वाटणारा क कडे जाईल. कोण कुठे चुकला यावरून उद्या वर्गात काय बोलायचं ते मला कळतं. चांगल्या प्रश्नात चुकीचा पर्याय हा मुलांच्या खऱ्याखुऱ्या चुकीच्या विचारातून यावा लागतो, आणि वेळ जातो तो तिथेच. बरोबर उत्तर लिहायला एक मिनिट पुरतं.

एवढं करूनही प्रश्न फुटतो तो भाषेमुळे. आपल्या मराठीत तर लिंगच चुगली करतं. 'पानिपतच्या पराभवाचं एक कारण म्हणजे मराठी सैन्याची झालेली ____' असं लिहून पुढे विश्वासघात, गोंधळ, उपासमार, नुकसान असे पर्याय दिले, तर 'झालेली' या शब्दापुढे फक्त उपासमारच बसते. ज्याने धडा उघडलाही नाही तोही कानावरून उत्तर देईल. उपाय सोपा: गाळलेली जागा न ठेवता पूर्ण प्रश्न विचारायचा. दुसरी खूण लांबीची. बरोबर उत्तर निर्विवाद असावं म्हणून प्रश्न काढणारा त्याला 'बहुतांशी', 'त्या परिस्थितीत' अशी शेपटं जोडतो, आणि चुकीचे पर्याय मात्र तीन शब्दांत उरकतो. मुलं हुशार असतात, सर्वांत लांब पर्याय निवडतात. वरचे चारही पर्याय मी जवळपास एका मापाचे ठेवलेत ते म्हणूनच. तिसरा घोळ 'वरीलपैकी सर्व' चा. चारपैकी दोन विधानं बरोबर आहेत एवढं कळलं की तिसऱ्याचा विचार करावाच लागत नाही.

प्रश्न चांगला झाला की नाही हे मात्र आपल्या मनावर ठरत नाही, उत्तरपत्रिकांवर ठरतं. समजा साठ मुलांचा वर्ग आहे. पूर्ण पेपरच्या गुणांप्रमाणे लावून वरची सोळा आणि खालची सोळा मुलं घ्यायची (हे साधारण २७ टक्के होतात, तशी रीत आहे). वरच्यांपैकी बारांनी आणि खालच्यांपैकी पाचांनी ब निवडला, तर फरक सातचा. त्याला सोळाने भागलं की ०.४४. ही संख्या ०.३० च्या वर असली तर प्रश्न ठीक समजतात. शून्याजवळ आली तर प्रश्न काहीच निवडत नाही. उणे आली, म्हणजे वरची मुलंच जास्त चुकली, तर प्रश्नात किंवा उत्तरसूचीत खोट आहे असं समजून शोधायला लागायचं. आणि बत्तीस जणांत ड एकानेही निवडला नसेल तर तो पर्याय मेलेला आहे. कागदावर चार असले तरी खरे पर्याय तीनच. इतक्या थोड्या मुलांवर हा आकडा डळमळता असतो, तेव्हा त्याला निकाल न मानता इशारा मानावा.

आणि एक मर्यादा तर कुठल्याच आकड्यात दिसत नाही. हाच काशीराजाचा प्रश्न मी आधी वर्गात सोडवून घेतला आणि मग परीक्षेत विचारला, तर तो पुन्हा आठवणीचा प्रश्न झाला. उद्या तो गाईडात छापून आला तरी तेच. विचार हा प्रश्नात कोरलेला नसतो. मुलाला तो प्रश्न नवा असेपर्यंतच तिथे असतो. म्हणून असे प्रश्न दरवर्षी नव्याने काढावे लागतात, आणि म्हणूनच तारखांचे प्रश्न संपत नाहीत. तारीख दर साली तीच राहते, काढणाऱ्याला कष्ट नाहीत.

असो. यंदा काशीराजाला विश्रांती. पुढच्या पेपरासाठी एका जुन्या पत्राच्या शोधात आहे. लिहिणारा नेमका कुठे बसून लिहीत होता हे ठाऊक असलं, की चार पर्याय जमवायला बसेन.