जोहार आणि रामराम

मराठीतली ग्रामीण कथा इंग्रजीत नेताना बोलीचे काय करायचे, हा प्रश्न जुनाच आहे. शिक्षकमंडळींना तो वर्गातही भेटतो, कारण पाठातला पाटील आणि पाठातला बलुतेदार मुलांना समजावून सांगताना आपणही एक प्रकारचे भाषांतरच करीत असतो. आज एकच लहानसा प्रसंग घेऊन हा प्रश्न पाहू. प्रसंग मी रचलेला आहे; पण तुमच्यापैकी पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल.

सन 1935 च्या सुमाराची, माणदेशाकडची एक कथा आहे असे समजा. पाटलाच्या वाड्यासमोर म्हातारा श्रीपती महार उभा आहे. ओट्यावर पाटलाजवळ गावचे मास्तर बसले आहेत. श्रीपती म्हणतो, "जोहार मायबाप. औंदा आमचं बलुतं ऱ्हायलंय जी." पाटील म्हणतो, "आरं शिरप्या, औंदा पीक कुटं हाय? संक्रांतीला ये." श्रीपती म्हणतो, "व्हय जी." मास्तर मध्ये पडतात, "पाटील, श्रीपतीबाबांना आजच काही द्या ना." पाटील उत्तर देतो, "मास्तर, तुमी यात पडू नका." चार दिवसांनी श्रीपतीचा मुलगा येतो. तो म्हणतो, "रामराम पाटील. आमचं बलुतं कवा देता?" पाटलाचा चेहरा बदलतो. "कुनाला रामराम घालतुयास रं?"

आता याचे इंग्रजी करायला बसू. नवशिक्या भाषांतरकाराचा हात पहिल्यांदा कुठे जातो? तर म्हाताऱ्याच्या अशुद्ध वाटणाऱ्या शब्दांकडे. तो श्रीपतीच्या तोंडी मोडकेतोडके इंग्रजी घालतो, व्याकरण चुकवतो, अक्षरे गाळतो, आणि पाटलाला मात्र नीटनेटके इंग्रजी देतो. पण मूळ संवाद पुन्हा वाचून पाहा. 'औंदा' दोघेही म्हणतात. 'कुटं' आणि 'हाय' तर पाटलाच्याच तोंडी आहेत. ही त्या मुलखाची बोली आहे. ती पाटलाचीही आणि महाराचीही. ओट्यावर वेगळे बोलणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे मास्तर. म्हणजे म्हाताऱ्याला मोडके इंग्रजी देणारा भाषांतरकार मूळ कथेत नसलेली गोष्ट सांगतो : पाटील शिकलेला आणि श्रीपती बावळट. त्यातून इंग्रजी वाचकाला हसू येते, जिथे मराठी वाचकाला मुळीच हसू आलेले नसते.

दुसरा मोह परक्या बोलीचा. यॉर्कशायरचा शेतकरी किंवा अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूसमजूर जसा बोलतो, तसे इंग्रजी वापरावे असे काहींना वाटते. पण ती बोली आपला मुलूख बरोबर घेऊन येते. वाचकाला माणदेशाच्या माळाऐवजी यॉर्कशायरची कुरणे दिसू लागतात.

तिसरी वाट शब्दाला शब्द लावण्याची, आणि तिला चांगला इतिहास आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट मराठीच्या निरनिराळ्या बोलींत दिली आहे, आणि ओळीखाली इंग्रजी शब्द मराठीच्याच क्रमाने मांडले आहेत. व्याकरण तपासणाऱ्याला ही पद्धत सोन्यासारखी. पण कथेतला माणूस त्या क्रमाने इंग्रजी बोलू लागला, तर तो भाषा न येणारा परदेशी वाटतो. श्रीपतीला तर आपली भाषा उत्तम येते!

मग समाज कुठे बोलतो आहे? माझ्या मते तो उच्चारात फार थोडा आहे. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, यात तो जास्त आहे. पाटील साठीच्या म्हाताऱ्याला 'आरं' म्हणतो आणि तिशीतल्या मास्तरांना 'तुमी' म्हणतो. इंग्रजीत दोघांनाही 'यू'. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' होते, ते वापरावे असे सुचेल. पण आजच्या कानाला ते प्रार्थनेतले वाटते, आणि ज्याला तुच्छतेने बोलायचे त्यालाच देवाचा मान मिळून जातो. तेव्हा सर्वनामाने जे हरवले, ते नावाने भरून काढावे लागते. निवेदनात 'श्रीपती', पाटलाच्या तोंडी 'शिरप्या', मास्तरांच्या तोंडी 'श्रीपतीबाबा' ही तिन्ही रूपे जशीच्या तशी ठेवावीत. इंग्रजी वाचकाचा गोंधळ होईल म्हणून सगळीकडे एकच नाव करणारे संपादक असतात. ते सोयीसाठी कथेचा कणाच काढून टाकतात. फार तर पहिल्या वेळी दोन रूपे जवळ जवळ आणावीत, म्हणजे माणूस एकच आहे हे कळेल.

पाटील आणि श्रीपती दोघांनाही साधे, तोकड्या वाक्यांचे, शुद्ध इंग्रजी द्यावे. मास्तरांचे वाक्य किंचित लांब आणि पुस्तकी असावे. 'जी' साठी प्रत्येक वेळी 'सर' घातले तर कचेरीतला कारकून उभा राहतो. त्यापेक्षा एकदा 'मायबाप' तसेच ठेवून बाकीचे सोडून दिलेले बरे. येथे काही तरी गमवावेच लागते. 'औंदा' या शब्दातला माणदेश इंग्रजीत येत नाही. तो निवेदनातल्या माळावर, मेंढरांवर आणि कोरड्या विहिरींवर सोपवावा.

नावांची ही अडचण थेट पुस्तकाच्या मथळ्यापर्यंत जाते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली आली. ती कादंबरी, कथा नव्हे, पण मुलूख हाच. राम देशमुखांनी तिचे इंग्रजी केले, त्याचे नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', म्हणजे भिंती नसलेले गाव. 'वाडी' म्हटले की आपल्याला मोठ्या गावाच्या आधाराने राहणारी मूठभर घरे दिसतात. 'व्हिलेज' मध्ये ती दिसत नाहीत. पण भिंती नाहीत म्हटल्यावर गावकूस नाही हे मात्र आले, आणि वाडी व गाव यांतला एक फरक मागल्या दाराने आत आला, असे मला वाटते.

आता आपल्या कथेची खरी गाठ. 'जोहार' हा महारांनी वरच्या जातींपुढे घालायचा नमस्कार, 'रामराम' बरोबरीच्यांचा. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर अनेक गावांतल्या तरुणांनी असल्या जुन्या चाली टाकायला सुरुवात केली. बलुत्याचे हक्क कायद्याने जायला पुढे 1958 साल उजाडावे लागले. तोंडातला 'जोहार' मात्र त्याआधीच जाऊ लागला होता. श्रीपतीचा मुलगा त्यांतला आहे. तो बलुतेच मागतो, बापाने मागितले तेच. फक्त पहिला शब्द बदलतो.

भाषांतरकाराने दोन्ही ठिकाणी 'गुड मॉर्निंग, पाटील' असे लिहिले तर काय होते, ते एखाद्या हुशार मुलाकडून ते इंग्रजी पुन्हा मराठीत करवून पाहा. बाप म्हणेल 'नमस्कार', मुलगा म्हणेल 'नमस्कार', आणि पाटील का भडकला हे त्या मुलाला सांगता येणार नाही. बहुधा तो म्हणेल, पाटील तापटच होता.

म्हणून 'जोहार' आणि 'रामराम' हे दोन्ही शब्द इंग्रजीत तसेच ठेवावेत. तळटीप देऊ नये. तळटिपेशी थांबलेला वाचक पाटलाचा चेहरा बदललेला पाहत नाही. त्याऐवजी पहिल्या प्रसंगात अर्धे वाक्य पुरते : ओट्यापासून दूर उभा राहून, जमिनीला हात लावून, श्रीपती 'जोहार' म्हणाला. दुसऱ्या प्रसंगात मुलगा ताठ उभा आहे, त्याचा हात जमिनीकडे गेलेला नाही, आणि तो म्हणतो, "रामराम पाटील." मग पाटलाचा प्रश्न अगदी साध्या इंग्रजीत आला तरी चालतो, "हू आर यू सेइंग रामराम टू?"