सराफाच्या वहीतले सोने

सराफाच्या पेढीवर सोन्याला दोन भाव असतात. एक बाजारात रोज बदलणारा, दुसरा वहीत लिहिलेला. वर्षअखेरीला शिल्लक सोन्यास कोणता भाव लावावा, यावर त्या सालचा नफा ठरतो.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. एका सराफाजवळ आरंभी १० तोळे सोने होते, १०० रुपये तोळ्याने घेतलेले. मग १२० च्या भावाने आणखी १० तोळे घेतले आणि १० तोळे १३० ने विकले. दिवाळीला, म्हणजे जुन्या रिवाजाने वही बंद होताना, बाजारभाव १३० च आहे. शिल्लक १० तोळे त्या भावाने मांडले, तर नफा ४०० रुपये. जुने सोने आधी गेले असे धरून शिल्लक १२० च्या खरेदीभावाने मांडली, तर ३००. वरचे १०० रुपये न विकलेल्या सोन्याचे. ते कुणी त्याच्या हातावर ठेवलेले नाहीत. कर मात्र रोख भरावा लागेल!

उलट भाव ९० वर घसरला असता, तर शिल्लक ९०० रुपयांची आणि नफा शून्य. खरेदी किंवा बाजार, यांत जो भाव कमी तोच धरायचा, ही व्यापाऱ्यांची रीत. तोटा आधी लिहायचा, नफा हाती आल्यावर. हे एकतर्फी वाटेल, पण सावधपणा आहे तो यातच.

१९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने चैनरूप संपतराम खटल्यात ही रीत उचलून धरली. तिथे सोने नव्हते, बिकानेरला पाठवलेल्या चांदीच्या लगडी होत्या. न्यायालय म्हणाले, शिल्लक मालाची किंमत मांडल्याने नफा उत्पन्न होत नाही. न विकलेल्या मालाचा खर्च चालू सालावर पडू नये, एवढ्यासाठीच ती मांडतात.

आता खरी मेख. काही सराफ म्हणत, पेढीचे मूळचे सोने हलतच नाही, शेवटी आलेले आधी जाते. तसे धरले, तर शिल्लक १०० च्या भावाने राहते आणि नफा अवघा १०० होतो. असे वर्षानुवर्षे चालले की वहीतले सोने आजोबांच्या काळच्या भावाने पडून राहते. मग एखाद्या साली साठा मोडावा लागला, की दडलेला सगळा नफा एकदम वर येतो, आणि कर त्याच सालात! १९९९ च्या सुधारित लेखामानकाने ही पद्धत वगळली. प्राप्तिकराच्या २०१६ च्या मानकांतही तिला जागा नाही.

जुनी वही हाती आली, तर शिल्लक सोन्याच्या किमतीला वजनाने भागून पाहा. येणारा दर गेल्या कैक वर्षांत बाजारात दिसलाच नसेल, तर ते सोने जुन्याच भावाने मांडलेले असण्याचा संभव फार.