निजामकाळचा कागद आणि देवनागरी वाचणारा डोळा



नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत माळ्यावर पत्र्याची एक पेटी असते. तिच्या तळाशी पिवळा पडलेला एखादा कागद निघतो. जमीन आपली, गाव आपले, पण लिपी उर्दू. आजोबा असते तर घडाघडा वाचला असता. नातू शिकलेला खरा, पण कागद उलटा धरला की सुलटा हेही त्याला उमगत नाही.

हे असे का झाले, ते ठाऊकच आहे. हैदराबाद संस्थानात पूर्वी फारसीत चालणारा कारभार 1880 नंतरच्या काळात उर्दूत आला. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले. तोवर दोन पिढ्यांचे दप्तर या लिपीत भरून गेले होते. 2023 साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकाळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा या कागदांवरची धूळ पुन्हा झटकली गेली, आणि वाचणारा माणूस कुठे आहे, असा प्रश्न गावोगाव उभा राहिला.

ज्याला हिंदी येते त्याला या कागदातले निम्मे शब्द आधीच ठाऊक असतात. अडते ते लिपीपाशी. आपली देवनागरी म्हणजे लिहिले तसे वाचावे. उर्दूचे तसे नाही. तिथे शब्दाचा सांगाडा लिहितात आणि ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्याने मनाने भरायचे असतात. म्हणून उर्दू वाचणे हे पुष्कळसे ओळखणे असते. पोस्टमन अर्धवट पत्त्यावरून घर ओळखतो, तसे.

सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करावी. लातूर घ्या. उजवीकडून डावीकडे जायचे. लाम म्हणजे ल, अलिफ म्हणजे आ, मग ते, वाव आणि रे. यात दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली अशी, की शब्द तीन तुकड्यांत दिसतो: ला, तू, र. अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे आणि त्यांची भावंडे पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. म्हणून मध्ये फट दिसली तरी शब्द संपला असे समजू नये. दुसरी गोष्ट वावची. हे एकच अक्षर ऊ, ओ, औ आणि व या चारही कामांना येते. म्हणजे नुसत्या अक्षरांवरून लातूर, लातोर, लातौर असे तिन्ही वाचता येते. लातूरच, हे आपल्याला गाव ठाऊक आहे म्हणून कळते.

नांदेडमध्ये नून, अलिफ, नून, दाल, ये आणि ड़े. ये हे वावचेच भावंड. ई, ए, ऐ आणि य अशी चार कामे करते. शेवटचा ड़ म्हणजे रे, पण त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण असते. मराठीतला ण आणि ळ या लिपीत नाहीत. ण च्या जागी नून येतो आणि ळ च्या जागी लाम. म्हणून कागदात ळ सापडत नाही म्हणून गाव आपले नव्हे, असे मानू नये.

कंधार आणखी एक धडा देते. सुरुवातीला वर दोन नुक्ते असलेला काफ, मग नून, दाल, दोन डोळ्यांचा हे, अलिफ, रे. ध असे वेगळे अक्षर उर्दूत नाही. दालच्या पुढे दोन डोळ्यांचा हे मांडला की ध होतो. ग पुढे मांडला की घ, ब पुढे मांडला की भ. पण दाल कुणाला जोडत नसल्याने ध चे दोन भाग सुटे पडतात आणि नवशिक्या फसतो. शिवाय अफगाणिस्तानातले कंदाहारही याच अक्षरांनी लिहितात. कोणते ते शेजारचा जिल्हा सांगतो.

आता एक ओळ वाचू या. ती आपण मनानेच मांडलेली आहे: मौजा अमुक, तालुका कंधार, जिल्हा नांदेड, मारोती वल्द अमुक, कौम कुणबी. मौजा, तालुका आणि जिल्हा या तिन्ही शब्दांत ऐन नावाचे अक्षर असते. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, पण डोळ्याला दिसते. शिवाय मौजा आणि जिल्हा यांतला ज नेहमीचा जीम नसून ज्वाद असतो. तालुक्याच्या शेवटी हे असतो, पण उच्चार होतो आ. हे तीन शब्द पानोपान येतात. ते एकदा डोळ्यात बसले की त्या कारकुनाचे वळणही कळू लागते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा: वाव, लाम, दाल. त्याच्या आधी मुलाचे नाव, नंतर बापाचे.

आता कुणबी. काफ, नून, बे, ये. उकार लिहिलेलाच नाही. मधले नून आणि बे जोडून लिहिले की दोन्हींचा फक्त एकेक दात उरतो. नून तो, ज्याचा एक नुक्ता वर. बे तो, ज्याचा एक नुक्ता खाली. पहिल्या दातावर एकाऐवजी दोन नुक्ते पडले तर तो ते होतो आणि शब्द कतबी असा वाचला जातो. घाईच्या लिखाणात, ज्याला शिकस्ता म्हणतात, नुक्ते गाळलेले असतात किंवा शेजारच्या अक्षरावर सरकलेले असतात. मग सांगाडा तेवढा उरतो.

याहून मोठी फसगत शेवटच्या अक्षराची. काफ, नून, बे आणि शेवटी ये असेल तर कुणबी. पण ये च्या जागी हे आला तर शब्द होतो कुनबा, म्हणजे कुटुंब! ये ची शेपटी ओळीखाली मोठा बाक घेते, हे ची गाठ लहान असते. तरीही शंका उरली तर रकाना पाहावा. वर कौम लिहिले असेल तर तिथे कुटुंबाचे काम नाही. त्याच कारकुनाच्या हातचा हाच शब्द इतर ओळींत शोधावा. एखाद्या ठिकाणी तरी नुक्ते नीट पडलेले असतात.

आता सालाचे. आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून उजवीकडे वाचायचे. सात वर उघडा, आठ खाली उघडा, शून्य म्हणजे नुसता ठिपका. साल बहुधा फसली असते. आपल्याकडच्या फसलीत 590 मिळवले की ते साल सुरू झाले तो इसवी सन येतो. 1343 फसली म्हणजे ऑक्टोबर 1933 पासूनचे वर्ष. कागदात जानेवारीनंतरची तारीख असेल तर 591 मिळवावे. सात आणि आठ यांची अदलाबदल झाली तर वर्षच बदलते, म्हणून तिथे दोनदा पाहावे.

शिक्षक बंधूंना एक सुचवावेसे वाटते. मुलांना वर्णमालेपासून न शिकवता आपल्या गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे नाव आधी फळ्यावर काढून द्यावे. तेवढ्यात डझनभर अक्षरे येतात. आणि घरच्यांना एवढेच सांगणे, की आपण लावलेला अर्थ पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहावा, मूळ कागदावर नव्हे. एका शब्दावर हक्क अवलंबून असेल तर उर्दू जाणणाऱ्या दोघांना तो वेगवेगळा वाचायला द्यावा. एकाने कुणबी म्हटले आणि दुसऱ्याने कुनबा, तर पुन्हा रकान्याकडे वळावे.