पंपाची ऑर्डर आणि बेअरिंगचा हिशेब

बंगळुरूच्या शिवाजीनगरात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. उद्या कुठले गिऱ्हाईक कोणत्या गाडीचे बेअरिंग मागेल, हे दुकानदाराला आधी कळत नाही. त्यामुळे तो मागच्या खपावरून अंदाज बांधतो आणि माल ठरावीक पातळीखाली गेला की नवा मागवतो. याच शहरात पीनियाच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या कारखानदारालाही बेअरिंग लागतात. पण त्याला अंदाज बांधण्याची गरज नाही. शंभर पंपांची ऑर्डर आली की दोनशे बेअरिंग लागणार, हे तिथल्या तिथे ठरते. मागणीतला हा फरक नेमका ओळखला गेला आणि त्यातून ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, म्हणजे एमआरपी, जन्माला आले.

त्याआधी कारखानेही दुकानासारखेच वागत. किती माल एकदम मागवावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडले होते. प्रत्येक भागाची एक पातळी ठरवून ठेवायची आणि माल त्याखाली गेला की मागवायचा, अशी रीत रूढ झाली. जुळणीच्या कामात मात्र ती तोकडी पडते. एखादा भाग दहापैकी नऊ वेळा हाताशी असतो, असे धरू. असे दहा भाग एकाच वेळी हवे असतील, तर ते सगळे मिळण्याची शक्यता फक्त 35 टक्के उरते. एकीकडे गोदाम भरलेले आणि दुसरीकडे एका भागावाचून अडलेली जुळणी, अशी स्थिती म्हणूनच वारंवार येई.

जोसेफ ऑर्लिकी हे मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील रसीन शहरातल्या जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत त्यांनी भागांची गरज वेगळ्या रीतीने काढली. अंदाज बांधायचा तो ट्रॅक्टरचा. त्याच्या भागांची गरज हिशेबाने काढायची. हा हिशेब हाताने करणे जवळजवळ अशक्य होते, कारण एकच भाग अनेक जुळण्यांत लागतो. पण 1956 मध्ये संगणकासाठी आयबीएमची डिस्क आली होती आणि हवी ती नोंद थेट काढता येऊ लागली होती. टेपवर तीच नोंद शोधायला सगळी टेप चाळावी लागे. पुढे ऑर्लिकी आयबीएममध्ये गेले आणि 1975 मध्ये त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला.

हिशेब कसा चालतो ते पीनियाच्या पंपावर पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. आठव्या आठवड्यात 100 पंप द्यायचे आहेत आणि 20 तयार आहेत. म्हणजे 80 बनवायचे. जुळणीला एक आठवडा लागतो, म्हणून जुळणीची ऑर्डर सातव्या आठवड्यात निघते. आता बिल ऑफ मटेरियल उघडायचे. एका पंपाला दोन बेअरिंग, म्हणून सातव्या आठवड्यात 160 हवीत. शिल्लक 60 आहेत आणि आधी मागवलेली 40 पाचव्या आठवड्यात येणार आहेत. कमी पडतात 60. पुरवठादाराचा लीड टाइम तीन आठवडे, तर खरेदीची ऑर्डर चौथ्या आठवड्यात. केसिंग मात्र कारखान्यातच मशीनवर बनते. शिल्लक शून्य आणि काम दोन आठवड्यांचे, म्हणून 80 केसिंगची उत्पादन-ऑर्डर पाचव्या आठवड्यात. त्यासाठी त्याच आठवड्यात 80 ओतीव तुकडे लागतात. शिल्लक 30 आहेत, उरलेले 50 ओतशाळेतून यायला चार आठवडे लागतात. त्यांची ऑर्डर पहिल्याच आठवड्यात निघायला हवी.

हे सारे एका पायरीचे उत्तर पुढच्या पायरीची मागणी होण्यावर चालते. म्हणूनच शिल्लक वजा करणे आणि दिवस मागे सरकवणे हे प्रत्येक पायरीवर करावे लागते. आज दुसरा आठवडा चालू असेल, तर ओतीव तुकड्यांची सूचना मागच्या तारखेची निघते. उशीर आधीच झाला, असा तिचा अर्थ. तारीख पुढे ढकलायची की ओतशाळेकडे तगादा लावायचा, हे नियोजनकर्त्याने ठरवायचे. एमआरपी फक्त सुचवते.

ही सूचना नोंदींइतकीच खरी असते. गोदामात 60 बेअरिंग लिहिलेली असून प्रत्यक्षात 40 असतील, तर ऑर्डर 20 ने कमी निघते आणि दहा पंप अडतात. त्याहून खोलवरची मर्यादा लीड टाइमची. केसिंगला दोन आठवडे हे गणित मशीन मोकळे आहे असे गृहीत धरते. त्याच मशीनवर दुसरी ऑर्डर चढली की दोनाचे चार होतात, पण एमआरपीला ते दिसत नाही. मागच्या तारखेच्या सूचना दर आठवड्याला त्याच मशीनभोवती साचत असतील, तर दोष हिशेबात नसून क्षमतेत आहे, असे ओळखावे. तिथे लीड टाइम वाढवून लिहिणे हा उपाय नव्हे. त्याने ऑर्डरी लवकर सुटतात आणि रांग आणखी लांबते. त्या मशीनवर आठवड्याला किती केसिंग निघतात ते मोजून, पंपांच्या तारखाच त्याप्रमाणे ठरवाव्या लागतात.