अपेक्षित मूल्य

अपेक्षित मूल्य : यदृच्छेवर अवलंबून असलेल्या राशीचे सरासरी मूल्य. एखाद्या प्रयोगातून उद्‌भवणाऱ्या प्रत्येक फलिताच्या मूल्याला त्या फलिताच्या संभाव्यतेने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज केली असता हे मूल्य मिळते. या बेरजेला अर्थ येण्यासाठी फलितांची यादी पूर्ण असावी लागते आणि कोणतीही दोन फलिते एकाच वेळी घडणारी असून चालत नाहीत. या दोन्ही अटी पाळल्या गेल्या असतील, तर सर्व संभाव्यतांची बेरीज १ होते. त्यामुळे ही बेरीज पाहणे हा गणिताचा पहिला पडताळा ठरतो. मात्र या पडताळ्याला मर्यादा आहेत व त्या या कल्पनेच्या इतिहासातच स्पष्ट झालेल्या दिसतात.

या कल्पनेचा उगम अपुऱ्या राहिलेल्या खेळातील पणाच्या वाटणीच्या प्रश्नात आहे. दोन खेळाडूंनी समान रकमा लावल्या. ठराविक डाव जो आधी जिंकेल त्याने सर्व पण घ्यावा असे ठरले. परंतु खेळ मध्येच थांबला. अशा वेळी पण कसा वाटावा, हा तो प्रश्न होय. इटालियन गणितज्ञ लूका पाचोली यांनी १४९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अंकगणितावरील ग्रंथात, तोपर्यंत जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी करावी, असे सांगितले. तार्ताल्या यांनी १५५६ मध्ये या नियमातील दोष दाखविला : एका खेळाडूने नुकताच एक डाव जिंकला असेल व दुसऱ्याने एकही जिंकला नसेल, तर या नियमाने पहिल्याला सर्व पण मिळतो; मग खेळ कितीही लांबचा असो. विशेष म्हणजे पाचोली यांच्या नियमानेही दोन्ही वाट्यांची बेरीज पणाइतकीच येते. बेरीज जुळली, तरी वाटणी न्याय्य नव्हती. कारण नियम झालेल्या डावांकडे पाहत होता, उरलेल्या डावांकडे नव्हे.

हा प्रश्न १६५४ मध्ये ब्लेझ पास्काल व प्येर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी परस्परांतील पत्रव्यवहारात सोडविला. पास्काल यांच्या २९ जुलैच्या पत्रातील उदाहरण असे : प्रत्येक खेळाडूने ३२ पिस्तोल (त्या काळचे सोन्याचे नाणे) लावले असून एकूण पण ६४ आहे. तीन डाव आधी जिंकणाऱ्याला तो मिळावयाचा आहे. पहिल्याने दोन व दुसऱ्याने एक डाव जिंकलेला असताना खेळ थांबतो. पुढचा डाव पहिल्याने जिंकल्यास त्याला ६४ मिळतात. हरल्यास दोघे बरोबरीत येतात व त्याचा हक्क ३२ चा राहतो. म्हणजे ३२ त्याचे कोणत्याही परिस्थितीत आहेत आणि उरलेल्या ३२ वर दोघांचा समान हक्क आहे. म्हणून पहिल्याला ४८ व दुसऱ्याला १६ मिळावेत.

हेच गणित आजच्या पद्धतीने मांडता येते. प्रत्येक डावात दोघांची जिंकण्याची संभाव्यता १/२ धरल्यास शक्य फलिते तीन आहेत : पहिला लगेच जिंकतो, संभाव्यता १/२, दुसरा एक डाव जिंकून नंतर पहिला जिंकतो, संभाव्यता १/४, दुसरा लागोपाठ दोन डाव जिंकतो, संभाव्यता १/४. बेरीज १/२ + १/४ + १/४ = १ येते, म्हणून यादीतून काही सुटलेले नाही. पहिल्याचे अपेक्षित मूल्य ६४ × १/२ + ६४ × १/४ + ० × १/४ = ४८ होते. यातील तिसऱ्या फलिताचे मूल्य शून्य असल्याने ते वगळले तरी उत्तर बदलत नाही. पण मग संभाव्यतांची बेरीज ३/४ च भरते आणि यादी अपुरी असल्याचे लक्षात येते. याच अपुऱ्या यादीवरून दुसऱ्याचा वाटा काढला असता तो शून्य येईल आणि १६ पिस्तोल कोणाच्याही वाट्याला जाणार नाहीत.

फेर्मा यांची रीत मोजणीची होती. पहिल्याने एक डाव जिंकला असून दुसऱ्याने एकही जिंकलेला नाही, अशा स्थितीत पहिल्याला दोन व दुसऱ्याला तीन डाव हवे असतात. जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणारच. म्हणून चारही डाव खेळले जातील असे मानले, तर १६ समसंभाव्य क्रम मिळतात. त्यांपैकी ११ पहिल्याला व ५ दुसऱ्याला अनुकूल आहेत. त्यावरून वाटे ४४ व २० येतात आणि पास्काल यांच्या रीतीनेही हेच येतात. यावर रोबेर्व्हाल यांचा आक्षेप असा होता, की निकाल दोन किंवा तीन डावांतच लागत असेल, तर चार डाव खेळल्याचे मानणे कृत्रिम आहे. निकाल लागल्यावर पुढचे डाव खेळले वा न खेळले, तरी त्याने जिंकणारा बदलत नाही, असे पास्काल यांनी उत्तर दिले. ते काल्पनिक डाव घेतले, म्हणजे सर्व क्रम समान लांबीचे व म्हणून समसंभाव्य होतात, हे त्यांचे प्रयोजन आहे.

हा मुद्दा निसटला की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण १७५४ मधील आहे. फ्रेंच विश्वकोशातील लेखात दालांबेर यांनी, नाणे दोनदा उडविताना निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता २/३ मानली. पहिल्याच फेकीत छाप पडल्यास खेळ संपतो, म्हणून ‘छाप’, ‘काटा-छाप’ व ‘काटा-काटा’ ही तीनच फलिते त्यांनी धरली व ती समसंभाव्य मानली. १/३ + १/३ + १/३ ही बेरीज १ च होते. यादीही पूर्ण आहे. तथापि पहिल्या फलिताची संभाव्यता १/२ व इतर दोहोंची प्रत्येकी १/४ असल्याने खरे उत्तर ३/४ आहे. वर दिलेल्या पास्काल यांच्या उदाहरणात हीच चूक केली, तर पहिल्याचा वाटा ४८ ऐवजी ४२ २/३ येईल. बेरजेचा पडताळा सुटलेले किंवा दोनदा मोजलेले फलित उघड करतो. संभाव्यतांची चुकीची वाटणी मात्र त्याच्या नजरेतून सुटते. ती ओळखण्यासाठी प्रत्येक फलित किती मूळ समसंभाव्य क्रमांनी बनलेले आहे, हे पाहावे लागते.

अपेक्षित मूल्याचा सर्वसाधारण नियम डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५७ च्या पुस्तिकेत मांडला. एक रक्कम मिळण्याचे p व दुसरी मिळण्याचे q समान संधिप्रकार असतील आणि त्या रकमा अनुक्रमे a व b असतील, तर त्या संधीचे मूल्य (pa + qb)/(p + q) होते. येथे p + q ने भागल्यामुळे p/(p + q) व q/(p + q) यांची बेरीज आपोआप १ होते. म्हणून हायगेन्झ यांना वेगळी अट सांगावी लागली नाही. या पुस्तिकेच्या लॅटिन अनुवादातूनच ‘अपेक्षा’ या अर्थाचा शब्द गणितात रूढ झाला. रशियन गणितज्ञ कॉल्मॉगॉरॉव्ह यांनी १९३३ मध्ये संभाव्यता सिद्धांताची रचना केली, तेव्हा सर्व शक्यतांच्या समुच्चयाची संभाव्यता १ असते, हे गृहीतकच मानले गेले.

फलितांची संख्या अनंत असल्यास आणखी एक अडचण येते. निकोलाउस बेर्नुली यांनी १७१३ मध्ये सुचविलेल्या प्रश्नाच्या नंतर रूढ झालेल्या रूपात, नाण्याचा छाप पहिल्यांदा ज्या फेकीत पडेल, त्यानुसार १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणारी रक्कम मिळते. संभाव्यता १/२, १/४, १/८, … असल्याने त्यांची बेरीज १ भरते. परंतु प्रत्येक गुणाकार १/२ येतो व त्यांची बेरीज अमर्याद वाढते. अशा खेळाचे सांत अपेक्षित मूल्य नसते. संभाव्यतांची बेरीज १ असणे अपेक्षित मूल्याच्या गणितासाठी आवश्यक असले, तरी पुरेसे नाही, हे यावरून दिसते.